साठ-पासष्ट शब्दांचं पिच

(नवउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दहा मिनिटांचं पिच भरभर बोललं की तीस सेकंदांचं होतं, असं समजून बरेच जण माझ्याकडे येतात. म्हणून आधी हिशेब करू. समोरच्याला नीट कळेल अशा वेगानं बोललं तर मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत आपल्या हातात साठ-पासष्ट शब्द आहेत. एवढ्यात तीन गोष्टी बसवायच्या: अडचण काय, तुम्ही त्यावर काय केलंत आणि समोरच्याकडून काय हवंय.

आपण एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, त्यातले आकडेही माझेच आहेत. नाशिककडचे दोन मित्र कांदा साठवायच्या चाळीसाठी एक उपकरण बनवतात. त्यांची सुरुवात अशी असते: ‘आमचं स्टार्टअप कृषी क्षेत्राला आयओटी-आधारित स्मार्ट साठवणूक व्यवस्थापन पुरवतं.’ यात कांदा कुठे आहे? शेतकरी कुठे आहे? ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही आणि चार-पाच सेकंद संपलेले असतात.

अडचण सांगताना एक माणूस, एक वेळ आणि एक नुकसान धरा. उन्हाळ कांदा निघाला की शेतकरी तो लगेच विकत नाही, चाळीत भरतो. पावसाळ्यात हवा दमट होते आणि ढिगाच्या पोटात सड लागते. वरून कांदा चांगला दिसतो. चाळ फोडल्यावर कळतं. ही गोष्ट कांदा पिकवणाऱ्या कुणालाही नवी नाही, पण गुंतवणूकदाराला ती माहीत असेलच असं नाही. तेव्हा जास्तीत जास्त शब्द इथेच खर्च करा. अडचण खरी वाटली की उपाय थोडक्यात सांगितला तरी चालतो.

आता आपलं पिच असं होतं:

‘उन्हाळ कांदा शेतकरी एप्रिलमध्ये चाळीत भरतो आणि भावाची वाट बघत दिवाळीपर्यंत ठेवतो. ढिगाच्या आत सड लागते. वास बाहेर येईपर्यंत शेजारचा कांदाही गेलेला असतो. आम्ही ढिगात खोचायच्या सळया बनवल्या आहेत. आतली ऊब आणि दमटपणा वाढला की फोनवर कप्प्याचा नंबर येतो. तेवढाच कप्पा आधी उपसून विकता येतो. गेल्या हंगामात बारा चाळींत वापरल्या. पुढच्या एप्रिलआधी शंभर चाळी हव्यात. तुमच्या ओळखीच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीशी गाठ घालून द्याल का?’

मोजा, पासष्ट शब्द आहेत. यातून बाजारपेठेचा आकार गेला, दोघांच्या पदव्या गेल्या, सेन्सरचं नाव गेलं. ‘बारा चाळींत वापरल्या’ हे मात्र मी काढू देणार नाही, कारण ही नुसती कल्पना नाही हे तेवढ्या एका वाक्यातून कळतं.

सगळ्यात जास्त पिचं शेवटी फसतात. ‘आपलं मार्गदर्शन हवंय’ म्हटलं की समोरचा ‘नक्की, बघू’ म्हणतो आणि निघून जातो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, नेमकं काय करायचं हे तुम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. दुसरं टोक म्हणजे उभ्या उभ्या पन्नास लाख मागणं. त्यावर लगेच हो म्हणणं कुणालाच शक्य नसतं. जागच्या जागी ‘हो’ म्हणता येईल एवढंच मागा. म्हणून पहिले दोन भाग तेच ठेवून मागणी माणसागणिक बदला. गुंतवणूकदार असेल तर ‘मंगळवारी वीस मिनिटं द्याल का? बारा चाळींच्या नोंदी दाखवतो.’ बाजार समितीतला माणूस असेल तर ‘कांदा साठवणारे पाच शेतकरी सुचवाल का?’

पाठ झालं की शेतीशी संबंध नसलेल्या एखाद्या नातेवाइकाला ऐकवा आणि तासाभरानं विचारा, मी काय सांगितलं? ‘शेतीचं काहीतरी अ‍ॅप आहे तुझं’ असं उत्तर आलं तर अडचणीची वाक्यं पुन्हा लिहा. ‘कांदा सडायला लागला की फोनवर कळतं’ असं आलं तर जमलं. पुढे ‘मग मला काय हवंय?’ असंही विचारा. तिथे ती व्यक्ती अडखळली तर मागणी धूसर आहे.

शब्द कापता कापता एक धोका असतो, दावा नकळत मोठा होतो. ‘आमच्या सळया सड थांबवतात’ हे चारच शब्द आहेत आणि ऐकायला छान वाटतात. पण सळी सड थांबवत नाही. कांद्यातला जाणकार लगेच विचारेल, ‘कशी थांबवता?’ तिथे तुमच्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा त्यानं ‘मग सड थांबते का?’ असं विचारावं आणि तुम्ही म्हणावं, ‘नाही, थांबत नाही. कुठला कप्पा आधी फोडायचा ते कळतं.’