बिघडलेली वस्तू आणि पैसे परत मागणारं पत्र

नमस्कार, श्रोतेहो.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं एक वाक्य तुम्ही वाचलं असेल: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्यावर बोट ठेवून दुकानदार नाही म्हणतो आणि ग्राहक निमूटपणे घरी जातो. वस्तू चांगली आहे, फक्त आपलं मन बदललं, तर दुकानदाराचं म्हणणं चालू शकतं. पण वस्तूच सदोष निघाली, तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

दोष त्यानंतर उघड झाला तरी वाट बंद होत नाही. ग्राहक आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो किंवा किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो. यातलं काय द्यायचं ते आयोग प्रकरण पाहून ठरवतो. एकदा दुरुस्त होऊन नीट चालणाऱ्या वस्तूचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. तोच दोष पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा मात्र आपली बाजू भक्कम होते. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचा कागद जपायला हवा.

समजा, नवं वॉशिंग मशीन आणलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तळातून पाणी गळू लागलं. मेकॅनिकने सील बदललं. दहा दिवसांनी पुन्हा गळती. त्याने पाइप बदलला. महिनाभराने पुन्हा तेच. दर वेळी मेकॅनिक सर्व्हिस स्लिप पुढे करतो, त्यावर ‘काम समाधानकारक’ असं आधीच छापलेलं असतं आणि आपण घाईत सही करून टाकतो. पुढे कंपनी हाच कागद आपल्याविरुद्ध दाखवते. मशीन पूर्ण चालवून बघितल्याशिवाय सही करू नका. गळती थांबली नसेल तर सहीच्या वर तसं स्पष्ट लिहा आणि स्लिपचा फोटो काढून ठेवा. काय बिघडलं होतं आणि कोणता भाग बदलला, हेही मेकॅनिककडून लिहून घ्या. दोष मुळातलाच आहे की वापरातून आला, हा वाद हमखास निघतो आणि तिथे हीच नोंद कामाला येते.

आता पत्र. ते दुकानदार आणि कंपनी, दोघांच्याही नावाने लिहा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. सुरुवातीला बिल क्रमांक, खरेदीची तारीख, मॉडेल आणि मशीनवरचा अनुक्रमांक. मग घडलेलं तारखेनुसार: कधी गळती दिसली, तक्रार कोणत्या क्रमांकाने नोंदवली, कोणता भाग बदलला, पुन्हा कधी गळलं. ‘अत्यंत निकृष्ट माल’ अशा शब्दांनी काही साधत नाही. ‘बदललेल्या सीलनंतरही तळातून पाणी येते’ हे वाक्य जास्त काम करतं.

बरीच पत्रं शेवटी ‘योग्य ती कारवाई करावी’ म्हणून थांबतात. समोरचा मग आणखी एकदा मेकॅनिक पाठवतो आणि कारवाई केली म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘दोन वेळा दुरुस्ती होऊनही तोच दोष कायम आहे. मला आणखी दुरुस्ती नको. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन परत न्यावे आणि बिलाची पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.’ सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि स्लिपच्या प्रती जोडा. मूळ कागद स्वतःकडे ठेवा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते, आदेश मात्र देऊ शकत नाही. आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. वकील सक्तीचा नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. पत्रातलाच घटनाक्रम तिथे प्रतिज्ञापत्रासह मांडायचा. पैशांबरोबर नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्चही त्याच अर्जात मागून ठेवा.

एक मुदत मात्र कसोशीने पाळा. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. कंपनी ‘बघतो, कळवतो’ म्हणत राहिली म्हणून हे घड्याळ थांबत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण ते कारण आपल्यालाच पटवून द्यावं लागतं.