एका कंटेनरवरची तीन शुल्कं

श्रोतेहो, नमस्कार.

लोटे-परशुराम, महाड, रोहा या पट्ट्यात रसायनांचे अनेक लहान कारखाने आहेत. त्यांतल्या काहींचा कच्चा माल परदेशातून येतो, न्हावा शेवा बंदरात उतरतो आणि तिथून ट्रकने खाली येतो. हा माल मागवणाऱ्यांना नेहमीचं सीमाशुल्क, म्हणजे बेसिक कस्टम ड्युटी, ठाऊक असते. ती धरूनच ते मालाचा भाव काढतात. अडचण होते ती माल बंदरात आल्यावर एजंट फोन करून ‘यावर अँटी-डंपिंग लागतंय’ असं सांगतो तेव्हा. परदेशी कारखाना स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथे माल विकतो, तेव्हा लागणारं हे जादा शुल्क. ही रक्कम लहान नसते. म्हणून आज या शुल्काबद्दल आणि त्याच्या शेजारच्या सेफगार्ड शुल्काबद्दल सविस्तर सांगतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा, थोडी आकडेमोड करायची आहे.

नेहमीच्या सीमाशुल्कापासून सुरुवात करू. १९७५च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक मालाला एक क्रमांक आहे आणि त्या क्रमांकापुढे दर. माल कुठल्या कारखान्यात बनला, तिथे तो काय भावाने विकला जातो, याच्याशी या दराला देणंघेणं नाही. एखाद्या देशाशी व्यापार करार असेल तर सवलत मिळते, एवढाच अपवाद. हा दर सरकार बहुधा अर्थसंकल्पात बदलतं आणि त्यासाठी कोणाची चौकशी करावी लागत नाही.

अँटी-डंपिंग शुल्क त्याच कायद्याच्या कलम ९-अ खाली लागतं आणि ते चौकशीशिवाय लागूच शकत नाही. चौकशी करतं दिल्लीचं व्यापार उपाय महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीटीआर म्हणतात. हे कार्यालय वाणिज्य मंत्रालयाखाली येतं. त्यांनी शिफारस करायची आणि शुल्क लावायचं की नाही हे अर्थ मंत्रालयाने ठरवायचं. शिफारस झाली म्हणजे शुल्क लागलंच असं नाही, हे ध्यानात ठेवा. शिफारशीची बातमी वाचून घाईने महागात माल भरून ठेवणं म्हणूनच धोक्याचं असतं.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. समजा परदेशातला एक कारखाना एक रसायन स्वतःच्या देशात टनाला १,१५० डॉलरने विकतो. कारखान्याच्या दारातला हा भाव. तेच रसायन तो भारतात पाठवतो आणि न्हावा शेवापर्यंत, भाडं आणि विमा धरून, टनाला १,००० डॉलर लावतो. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण दुसऱ्यात जहाजाचं भाडं आहे. भाडं, विमा, तिकडचा बंदरापर्यंतचा खर्च मिळून ८० डॉलर वजा केले की दारातला निर्यात भाव ९२० उरतो. १,१५० वजा ९२०, म्हणजे २३० डॉलर. याला डंपिंग मार्जिन म्हणतात. हे मार्जिन निर्यात भावाच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी निघालं तर प्रकरण तिथेच बंद होतं. आपल्या उदाहरणात ते पंचवीस टक्के आहे.

पण एवढ्याने शुल्क लागत नाही. परदेशी कारखाना स्वस्त विकतो म्हणून इथल्या उत्पादकाचं नुकसान झालं, हेही दाखवावं लागतं, आणि ते नुकसान त्याच आयातीमुळे झालं, दुसऱ्या कारणाने नाही, हेही. इथल्या कारखान्याचा बॉयलर चार महिने बंद होता आणि विक्री त्यामुळे पडली, तर ते खापर आयातीवर फोडता येत नाही. नुकसान मोजण्यासाठी इथल्या उत्पादकाला वाजवी परतावा धरून कोणता भाव मिळायला हवा होता, तो काढतात. समजा तो १,२८२ डॉलर निघाला. आयात माल मात्र बेसिक ड्युटी साडेसात टक्के आणि तिच्यावरचा दहा टक्के समाजकल्याण अधिभार, असे मिळून सव्वाआठ टक्के भरून सुमारे १,०८२ डॉलरला पडतो. फरक २०० डॉलर.

एकीकडे डंपिंग मार्जिन २३०, दुसरीकडे नुकसानीचं मार्जिन २००. भारतात या दोहोंतलं जे कमी, तेवढंच शुल्क लावतात. म्हणजे टनाला २०० डॉलर. मला हा नियम फार योग्य वाटतो. इथल्या उत्पादकाची भरपाई होते, आणि तोच माल कच्चा माल म्हणून वापरणाऱ्या लहान कारखानदारावर गरजेपेक्षा जास्त बोजा पडत नाही.

आता हेच वीस टनांच्या कंटेनरवर बघा. डॉलर ९० रुपये धरू. मालाची किंमत अठरा लाख. बेसिक ड्युटी आणि अधिभार मिळून १ लाख ४८ हजार ५००. अँटी-डंपिंग ३ लाख ६० हजार. म्हणजे नेहमीच्या शुल्काच्या दुपटीहून जास्त. समाजकल्याण अधिभार अँटी-डंपिंगवर लागत नाही, पण आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. अठरा टक्क्यांनी त्या ३ लाख ६० हजारांवर आणखी ६४ हजार ८०० रुपये. या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, तरी तोवर पैसे अडकून पडतात. अँटी-डंपिंगचं मात्र क्रेडिट नाही. ते थेट तुमच्या मालाच्या किमतीत जातं.

यात चुका कुठे होतात? सगळ्यात जास्त होते ती दराच्या तक्त्यात. अधिसूचनेत एकच दर नसतो. माल मूळचा कुठल्या देशाचा, कुठून पाठवला आणि कोणत्या उत्पादकाने बनवला, याप्रमाणे वेगवेगळ्या ओळी असतात. ज्या कारखान्याने चौकशीत सहकार्य केलं आणि हिशोब दिले, त्याचा दर बहुधा कमी असतो. ज्यांनी दिले नाहीत, ते ‘इतर कोणताही’ या शेवटच्या ओळीत जातात आणि तिथला दर सहसा सगळ्यात जास्त असतो. आता तुम्ही माल व्यापाऱ्याकडून घेतला, बिलावर फक्त त्या व्यापाऱ्याचं नाव आहे आणि बनवणाऱ्या कारखान्याचा कागद सोबत नाही, तर कस्टम अधिकारी तुम्हाला शेवटच्या ओळीत टाकतो. त्याचं चुकत नाही, कारण त्याच्यापुढे पुरावाच नसतो. म्हणून ऑर्डर देतानाच उत्पादकाचं नाव करारात लिहून घ्या आणि त्याचं बिल किंवा चाचणी प्रमाणपत्र बॅच नंबरासह मागवा. पोत्यांवरचं नाव आणि कागदावरचं नाव एकच असलं पाहिजे. ‘प्रायव्हेट लिमिटेड’सारखा शेपटाचा फरकसुद्धा माल अडकवतो.

दुसरी चूक क्रमांकाची. अँटी-डंपिंग शुल्क मालाच्या वर्णनावर लागतं, अधिसूचनेतला टॅरिफ क्रमांक केवळ दिशादर्शक असतो. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाखाली माल दाखवला की शुल्क चुकलं, ही समजूत खोटी आहे. तसंच व्यापार कराराचं मूळ-देश प्रमाणपत्र दाखवून बेसिक ड्युटी शून्य झाली, तरी अँटी-डंपिंग माफ होत नाही.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि पावसाळ्यात ती फार जाचते. दर कोणता लागणार हे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे द्यायचा कागद, सादर केलेल्या तारखेवर ठरतं. पण बिल आगाऊ भरलं असेल तर जहाजाला बंदरात प्रवेश मिळाल्याची, म्हणजे एंट्री इनवर्डची, तारीख धरतात. वादळी हवामानात जहाज चार दिवस बाहेर थांबलं आणि मधल्या दिवसात अधिसूचना निघाली, तर आगाऊ भरलेलं बिल तुम्हाला वाचवत नाही. ज्या मालाची चौकशी शेवटच्या टप्प्यात आहे, त्याच्या करारात नवीन शुल्क लागल्यास ते कोणी सोसायचं, हे आधीच लिहिलेलं असावं.

आता सेफगार्ड शुल्क. ते कलम ८-ब खाली येतं आणि त्याचा पाया वेगळा आहे. इथे परदेशी उत्पादकाने काही गैर केलं असा आरोप नसतो. भाव रास्त असेल, पण आयात अचानक एवढी वाढली की इथल्या उद्योगाला गंभीर इजा झाली किंवा होण्याच्या बेतात आहे, एवढं सिद्ध झालं तर ते लागतं. कोणी दोषी नसल्यामुळे ते एखाद्या कारखान्यावर नेम धरून लागत नाही, सगळ्या देशांच्या मालावर लागतं. आयातीत ज्यांचा वाटा तीन टक्क्यांच्या आत आहे अशा विकसनशील देशांना सहसा सूट असते. मुदतही कमी. अँटी-डंपिंग पाच वर्षांचं असतं आणि फेरतपासणीनंतर वाढवता येतं. सेफगार्ड पहिल्या खेपेला चार वर्षांपर्यंतच, आणि उद्योगाने तेवढ्यात स्वतःला सावरावं म्हणून दर उतरता ठेवतात. सौर सेलवर ३० जुलै २०१८पासून लावलेलं शुल्क पहिल्या वर्षी २५ टक्के होतं, पुढचे सहा महिने २०, त्यानंतरचे सहा महिने १५.

आपल्या किनाऱ्याला जवळचं उदाहरण पोलादाचं. पेण तालुक्यातल्या डोलवीला चपटं पोलाद बनतं, आणि तेच पोलाद लागणारी फॅब्रिकेशनची कामंही इथेच चालतात. २१ एप्रिल २०२५ला सरकारने चपट्या पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं सेफगार्ड शुल्क लावलं. त्यात भावाची एक पायरी ठेवली होती. हॉट रोल्ड कॉइल भाडं-विम्यासह टनाला ६७५ डॉलर किंवा जास्त भावाने आलं, तर हे शुल्क नाही. म्हणजे ६७० डॉलरच्या मालावर ८० डॉलर ४० सेंट भरायचे आणि ६७५च्या मालावर काहीच नाही. पाच डॉलर स्वस्त घेतलेला माल पंचाहत्तर डॉलरने महाग पडायचा. अशी पायरी असली की बिलावर किंमत फुगवण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. चुकीची किंमत दाखवली तर माल जप्त होऊ शकतो.

राहिला एक मुद्दा. चौकशी सुरू झाल्याची सूचना राजपत्रात आणि डीजीटीआरच्या संकेतस्थळावर येते, आणि तो माल वापरणाऱ्या कारखान्यालाही आपलं म्हणणं मांडता येतं. त्यासाठी वापरकर्त्यांची वेगळी प्रश्नावली असते आणि सहसा तीस दिवसांची मुदत. तिच्यात शुल्कामुळे तुमच्या तयार मालाचा खर्च किती टक्क्यांनी वाढेल, हे स्वतःच्या हिशोबाने लिहायचं. गुप्त ठेवायचे आकडे असलेली एक प्रत आणि सगळ्यांना दाखवता येईल अशी दुसरी, अशा दोन प्रती द्याव्या लागतात. दुसरी प्रत दिली नाही तर पहिलीकडेही दुर्लक्ष होऊ शकतं. पुढे तोंडी सुनावणी होते. तिथे बोललेलं नंतर लेखी द्यावं लागतं, नाहीतर ते नोंदीत धरत नाहीत. लोटे किंवा महाडच्या एकेकट्या कारखान्याला हे जड जातं. पण औद्योगिक वसाहतीच्या संघटनेतर्फे दहा-बारा वापरकर्त्यांनी मिळून एकाच सनदी लेखापालाकडून आकडे तयार करून घेतले तर खर्च वाटला जातो. आणि शुल्क लागल्यानंतर ते पटलं नाही, तर सेस्टॅट या न्यायाधिकरणाकडे अपील करायला नव्वद दिवस असतात.

नमस्कार.