फरशीवरचा डाग गंजाचा, क्षाराचा की बुरशीचा?

नमस्कार मंडळी, काय चाललंय, पाऊस काय उघडायचं नाव घेत नाही आणि घराघरात बाथरूमची फरशी नुसती रंगीबेरंगी झाल्या, तर आज जरा त्या डागांविषयी बोलूया.

मी फरशी पॉलिशची कामं करतो. गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेत एका मावशींच्या घरी गेलो, जुनं घर, बाथरूममध्ये शहाबादी फरशी आणि भिंतीला पांढऱ्या टाईल्स. मावशी म्हणाल्या, "बघ की रे, सगळीकडं बुरशी आल्या, ब्लीच ओतलं तरी जाईना, उलट जास्तच उठून दिसायला लागलंय." मी खाली वाकून बघितलं तर तिथं तीन वेगळे डाग होते, आणि मावशींनी तिघांवर एकच औषध मारलेलं.

सांध्यात काळे-हिरवट ठिपके होते, ती बुरशी. बुरशीचा डाग ठिपक्याठिपक्यानं येतो, पाणी साचतं आणि वारा लागत नाही तिथं, आणि त्याला कडा नसते. ब्लीचचं पातळ पाणी, म्हणजे एक वाटी ब्लीचला दहा वाट्या पाणी, कापसाच्या बोळ्यानं लावून पाच मिनिटं थांबलं की ठिपका फिका पडायला लागतो, तेवढ्यावरनं ओळखता येतं.

नळाखाली टाईलवर पांढरट-करडा, खरखरीत थर होता, तो पाण्यातल्या क्षाराचा. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हा सांगायलाच नको, बादलीला पण बसतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की बारीक बुडबुडे येतात, पण इथं एक गोम आहे. शहाबादी फरशी स्वतःच चुनखडीचा दगड आहे, कोटाही तसाच, संगमरवरपण. त्यामुळं लिंबू टाकल्यावर बुडबुडे आले म्हणजे डाग क्षाराचाच, असं म्हणता येत नाही, फरशीच फसफसते आणि चकाकी जाते ती वेगळीच. म्हणून ही परीक्षा फक्त चकचकीत टाईलवर करायची, दगडावर नाही.

आता तिसरा डाग, ज्यासाठी मी एवढं बोलतोय. कोपऱ्यात नारिंगी-तपकिरी गोल कडं, चांगलं रुपयाएवढं, मध्ये फिकं आणि कडेला गडद. मावशींना तो बुरशीचाच वाटलेला. मी विचारलं, "इथं काय ठेवता मावशी?" तर म्हणाल्या लोखंडी स्टूल. स्टूल उलटं केलं तर तीन पायांना रबर, एका पायाचं निघालेलं. गंजाचा डाग असाच असतो, रंग नारिंगी, तांबूस किंवा पिवळट-तपकिरी आणि आकार ज्या वस्तूनं डाग पाडला तिचाच. गॅस सिलेंडरचं कडं स्वयंपाकघरात उठतं ना, तसंच. वस्तू सापडली नाही तर वरनं कुठनं पाणी ठिबकतंय ते बघा, एखादा गंजलेला खिळा नाहीतर पाईप असतो.

आणि ब्लीचनं तो उठून का दिसला? ब्लीच लोखंडाचा गंज काढत नाही, उलट ओल्या दगडात जे लोखंड अजून गंजलेलं नसतं त्यालाही गंजवतं, मग रंग आणखी गडद होतो. त्यामुळं नारिंगी दिसलं की ब्लीचला हात लावायचा नाही. आणि ब्लीच मारलेल्या जागी लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड तर अजिबात टाकू नका, विषारी वायू निघतो. आधी भरपूर पाण्यानं धुवायचं.

पण नारिंगी म्हणजे गंजच असंही नाही बरं का. साबणाच्या डबीखाली गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर येतो, तो जिवाणूंचा. बोट फिरवलं की निघतो, गंज बोटाला लागेल पण डाग तसाच राहतो. आणि आपल्याकडच्या काळ्या दगडात लोखंड असतंच, त्यामुळं जुन्या पायरीवर तपकिरी साल दिसली तर ती दगडाची स्वतःची असते, ती घासून निघणार नाही.

टाईलवरच्या गंजाला चमचाभर लिंबूसत्त्व कपभर गरम पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवलं, घासलं की बहुतेक जातो. मावशींची फरशी शहाबादी असल्यानं ते चालणार नव्हतं. तिथं मी आंबट नसलेलं, गंज काढायचं जेल आणलं, आधी कोपऱ्यात लावून बघितलं, वास म्हणजे अगदी नाक धरून बसावं असा. लोखंड असेल तर ते जांभळं होतं, आणि झालंच, मावशी दारातनं ओरडल्या, "अरे हे काय केलंस!"

दोनदा लावून धुतलं, कडं गेलं, मधली फिकट छाया मात्र राहिली, कारण दगडानं ती आत ओढून घेतलेली. मावशींनी आता स्टूलच बाहेर काढलंय आणि बसायला प्लास्टिकचा पाट आणलाय.