दहात सहा वेळा पास : आकडा सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा

(ठाण्यात वागळे इस्टेट भागातील नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर मटक्याचे आकडे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची ती जाहिरात येऊन गेली असेल. ‘ओपन-क्लोजचे चार अंक रोज सकाळी, 90 टक्के पास, सॉफ्टवेअर जुन्या निकालांच्या चार्टवरून हिशोब करतं.’ किंमत दोन-अडीच हजार. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या मुलांचे भाऊ, काका, शेजारी हे विकत घेतात, म्हणून मला या विषयावर बोलायचं आहे. मटका आपल्या राज्यात बेकायदा आहे, 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार. तो खेळावा की नाही, यावर मी आज बोलणार नाही. विकणारा जे सांगतो ते खरं आहे का, हे घेणाऱ्याला घरबसल्या कसं तपासता येईल, एवढंच बघू.

त्यासाठी आकडा निघतो कसा, हे आधी थोडक्यात. सुरुवातीला लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या भावांवर पैसे लावत. 1961 च्या सुमारास ते भाव येणं थांबलं आणि मग इथेच आकडे काढायला सुरुवात झाली. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्या काळात मटका चालवणाऱ्यांची नावं तुम्ही ऐकली असतील. आजही तीन आकड्यांचा पाना निघतो, त्यांची बेरीज करतात आणि बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे ओपन. पाना 138 निघाला तर बेरीज 12, म्हणून ओपन 2. नंतर दुसरा पाना निघतो, त्यातून तसाच येणारा अंक म्हणजे क्लोज. पान्यात आकड्यांचा क्रम धरत नाहीत, म्हणून पाने एकूण 220 आहेत आणि शून्यापासून नऊपर्यंत प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर 22 पाने येतात. म्हणजे कुठल्याच अंकाला जास्तीचं माप नाही. दहा अंक, प्रत्येकाला दहात एक संधी.

आता ‘चार अंक ओपन टू क्लोज’ म्हणजे काय? सकाळी चार अंक मिळतात. त्यातला एखादा ओपनला आला, तर पास. ओपनला नाही पण क्लोजला आला, तरी पास. म्हणजे दोन निकाल आणि दोन्हींत मिळून एकदाच लागायला हवं. ही अट नीट लक्षात घ्या, सगळी गोम इथेच आहे.

चारही अंक ओपनला चुकण्याची शक्यता दहात सहा. क्लोजलाही चुकण्याची शक्यता तेवढीच. दोन्ही वेळा चुकण्याची शक्यता 0.6 × 0.6, म्हणजे 0.36. उरले 0.64. कुठलंही सॉफ्टवेअर नको, चार्ट नको. लहान मुलाने डोळे मिटून चार अंक सांगितले, तरी ते शंभर दिवसांतले 64 दिवस पास होतील. घेणाऱ्याच्या मनात मात्र तुलना दहात एक संधीशी चाललेली असते. दहातल्या सहा दिवशी हिरवी खूण दिसली की त्याला वाटतं, यात काहीतरी आहे.

इथल्याच एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाने मला त्याची वही दाखवली. त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगते. शंभर पानी वही, प्रत्येक ओळीत तारीख, सॉफ्टवेअरचे चार अंक, ओपन, क्लोज, आणि पास असेल तिथे हिरव्या पेनाने टिक. पंचवीस दिवसांची नोंद, त्यात 17 पास. तो म्हणाला, ‘मॅडम, सतरा! हे काय नुसतं नशीब असेल का?’ पंचवीस दिवसांचे 64 टक्के म्हणजे 16. त्याला एक जास्त मिळाला होता. नुसत्या योगायोगात अशी बेरीज दोन-अडीचने खाली-वर होतच असते, आणि 12 ते 20 च्या दरम्यान काहीही आलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

मग मी त्याला शेजारच्या पानावर पैशाचा रकाना काढायला लावला. तो प्रत्येक अंकावर दहा रुपये लावत होता आणि भाव दहाला नव्वद. ओपनला लागलं की 40 जाऊन 90 येतात, म्हणजे 50 सुटतात, आणि त्या दिवशी तो थांबतो. ओपन चुकलं तर क्लोजला आणखी 40. लागलं तर 80 जाऊन 90, हातात दहा. दोन्ही चुकलं तर 80 गेले. त्याचे दहा दिवस ओपनला पास होते, सात दिवस क्लोजला, आठ दिवस फेल. 500 अधिक 70, वजा 640. म्हणजे पंचवीसपैकी सतरा दिवस पास आणि वर 70 रुपयांचा तोटा. सॉफ्टवेअरची किंमत यात धरलेली नाही. खरं तर त्याचं नशीब सरासरीपेक्षा बरंच होतं. सरासरीने त्याचे 160 जायला हवे होते. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. हिरव्या टिका त्याने मनापासून मांडल्या होत्या, फक्त पैशाचा रकाना त्याला कोणी सुचवला नव्हता.

काही जण म्हणतात, ओपन चुकलं की क्लोजला डबल लावायचं. करून बघा हिशोब. क्लोजला 80 लावले तर लागलेल्या दिवशी 60 सुटतात खरे, पण चुकलेल्या दिवशी 120 जातात. आधी दिवसाला सरासरी 6 रुपये 40 पैसे जात होते, आता 8 रुपये 80 पैसे जातात. लावलेल्या प्रत्येक दहा रुपयांमागे एक रुपया जातो, मांडणी कशीही करा. कारण एका अंकाला दहात एक संधी आहे आणि मिळतात नऊ पट.

आता परीक्षेकडे येऊ. विकणाऱ्याकडून आधी लेखी घ्या की पास कशाला म्हणायचं. अंक किती, ओपन की क्लोज की दोन्ही, ओपन-क्लोजची जोडी धरायची का, मटक्याचा एकच बाजार की अनेक. ही व्याख्या दिवसागणिक बदलत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ती ठरली की तुम्ही योगायोगाचा आकडा काढू शकता, वर काढला तसा. पाच अंक दिले तर 75 टक्के, सहा दिले तर 84 टक्के. सहा अंक देऊन ‘84 टक्के पास’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही, पण तुम्हाला काही देतही नाही.

मग ओपन निघायच्या आधी ते चार अंक स्वतःच्या हाताने वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो एखाद्या मित्राला पाठवा. विकणाऱ्याच्या ग्रुपवर विसंबू नका. टेलिग्राम चॅनेल चालवणाऱ्याला जुना मजकूर बदलता येतो आणि पुसताही येतो. फेल गेलेले दिवस तिथे उरतच नाहीत. त्याच वहीत दुसरा रकाना आखा, ‘चिठ्ठ्या’. शून्य ते नऊ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका, रोज सकाळी चार काढा, लिहून ठेवा. एक पैसा न लावता पंचवीस दिवस दोन्ही रकाने भरा. दावा 90 टक्क्यांचा असेल तर सॉफ्टवेअरच्या रकान्यात 22 किंवा 23 पास दिसायला हवेत. नुसत्या योगायोगाने 22 किंवा अधिक येणं शंभरात एकदाही घडत नाही, म्हणून ही परीक्षा पुरेशी कडक आहे. सोळा-सतराच आले, तर चिठ्ठ्यांचा डबा फुकट आहे.

आणि समजा 22 आले? तर आणखी पंचवीस दिवस हेच करा. कारण हजार जणांनी तेच सॉफ्टवेअर घेतलं आणि प्रत्येकाच्या फोनवर वेगळे अंक येत असले, तर त्यांतल्या सातेक जणांना केवळ योगायोगाने 22 किंवा जास्त मिळतील. ते सात जण प्रामाणिकपणे लिहितील की आम्हाला अनुभव आला. जाहिरातीत त्यांचेच शब्द येतात. पहिल्या पंचवीस दिवसांत जे नशिबाने जमलं, ते पुढच्या पंचवीसमध्ये जमण्याची शक्यता पुन्हा तेवढीच कमी असते.

फोनवर वेगळे अंक येतात का, हे तर एका मिनिटात कळतं. एकाच दिवशी, एकाच बाजारासाठी दोन फोनवर चालवून बघा, किंवा काढून पुन्हा टाका. अंक बदलले तर चार्टचा हिशोब वगैरे काही नाही, ते नुसते कुठलेही अंक उचलतंय. जिथे जुना चार्ट आपण स्वतः भरायचा असतो, तिथे मला आवडणारी एक परीक्षा आहे. चिठ्ठ्या काढून बनवलेला खोटा चार्ट त्यात भरा. त्यावरही सॉफ्टवेअर तितक्याच खात्रीने ‘पॅटर्न सापडला’ म्हणालं, तर खऱ्या चार्टवर सापडलेल्या पॅटर्नला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. मात्र हे सगळं जुन्या, बँकेशी न जोडलेल्या फोनवर करा. असली अ‍ॅप बहुतेकदा प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकावी लागतात आणि अनेकदा मेसेज वाचायची परवानगी मागतात. त्या परवानगीने ओटीपीही वाचता येतो.

या परीक्षेची मर्यादाही सांगायला हवी. समजा एखाद्याला खरोखरच बारीकसं काही कळलंय, चार अंकांवर 40 टक्क्यांऐवजी 45 टक्के. दहाला नव्वद भावात तोटा भरून निघायला जवळपास साडेचव्वेचाळीस टक्के लागतात, म्हणजे एवढ्यानेही त्याला जेमतेम फायदा होईल. हा फरक पंचवीस दिवसांत दिसणार नाही. त्यासाठी पाचशेच्या आसपास निकाल हवेत. पण बाजारात 45 टक्के म्हणणारा कोणी नाही. सगळे 90 म्हणतात, आणि 90 आहे की नाही हे महिनाभरात उघड होतं.

‘पण मॅडम, आकडा फिक्स असतो, यांना आतून कळतं,’ असं मागून कोणीतरी म्हणालं. आकडा ठरवून काढला जातो असं धरू. काढणारा कुठला अंक काढेल? ज्यावर कमीत कमी पैसे लागलेत तो. मग जे चार अंक हजारो लोकांना विकलेत आणि ज्यांवर ते सगळे पैसे लावून बसलेत, तेच त्याने टाळायला हवेत. म्हणजे फिक्स असेल तर विकत घेतलेला आकडा चिठ्ठीतल्या आकड्यापेक्षाही वाईट ठरेल. वहीत तेही दिसेल. सॉफ्टवेअरचा रकाना चिठ्ठ्यांच्या बराच खाली राहील.

शेवटचा प्रश्न या ताईंचा आहे : ‘पहिल्या दिवशी पास नाही तर पैसे परत, अशी हमी देतात. मग त्यांचा स्वतःवर विश्वास असेलच ना?’ हिशोब मांडू. शंभर जणांनी पाचशे-पाचशे भरले, पन्नास हजार झाले. विकणाऱ्याने प्रत्येकाला मनाला येतील ते चार अंक पाठवले. चौसष्ट जण पास झाले, त्यांचे पैसे त्याच्याकडे राहिले. छत्तीस जणांना त्याने अगदी प्रामाणिकपणे, एकही रुपया न बुडवता, अठरा हजार परत केले. बत्तीस हजार त्याच्या खिशात, आणि ज्या चौसष्ट जणांनी ते दिले ते उद्याचेही अंक मागायला तयार आहेत.