चिमणीसाठी लाकडी घर: एका फळीतून सहा तुकडे

[दृश्य: टेबलावर एक फळी, बाजूला गुण्या, करवत, हातोडी]

साडेचार फूट लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद, अशी एक फळी. सोबत सव्वा इंची वीस-पंचवीस खिळे आणि फेविकॉलची छोटी बाटली. चिमणीच्या घराला एवढं पुरतं.

पण फळीवर पेन्सिल टेकवण्याआधी तिची जाडी मोजायची. दुकानात 'अर्धा इंची' म्हणून मिळालेली फळी रंधा मारल्यावर कधी १२ मिलिमीटर भरते, कधी १०. हा फरक नडतो तो तळाला, कारण तळ दोन बाजूंच्या मध्ये बसतो. पंधरा सेंटिमीटरमधून जाडीची दुप्पट वजा करायची आणि वर एक मिलिमीटर मोकळा ठेवायचा. फळी १२ मिलिमीटरची असेल तर तळ साडेबारा सेंटिमीटर, १० ची असेल तर १२.९. आपली फळी १२ ची आहे.

[दृश्य: गुण्या लावून रेघा मारणारे हात]

पुढची फळी साडेएकोणीस सेंटिमीटर, मागची ३०, छप्पर २२. दोन्ही बाजू मात्र ४३ सेंटिमीटरच्या एकाच तुकड्यातून निघतात. डाव्या टोकापासून वरच्या काठावर २३ वर खूण, खालच्या काठावर २० वर. दोन खुणा तिरप्या रेघेनं जोडा आणि कापा. एकाच कापात दोन्ही बाजू तयार, छपराच्या उतारासकट.

पुढच्या फळीत तळापासून १५ सेंटिमीटर उंचीवर भोकाचा मध्य. भोक ३२ मिलिमीटरचं. चिमणी आरामात आत जाते, साळुंकीला शिरता येत नाही. हे भोक ड्रिलनं मोठ्या माणसानंच पाडायचं, आणि खाली टाकाऊ लाकूड ठेवून. नाहीतर पलीकडच्या बाजूनं कपच्या उडतात. भोकाखाली बसायला दांडी लावायचा मोह होतो. लावू नका. चिमणीला ती लागत नाही, पिल्लांवर टपलेल्या पक्ष्याला मात्र आयती बैठक मिळते.

तळाला कोपऱ्यांजवळ सहा मिलिमीटरची चार भोकं, पाणी निथळायला. पुढच्या फळीची आतली बाजू करवतीच्या दातांनी आडवी ओरखडून ठेवा, पिल्लांच्या नखांना पकड मिळते.

[दृश्य: जवळून, खिळ्याचं टोक]

आता जोडणी. सगळ्यात जास्त फळ्या इथेच फुटतात, आणि तेही तळाचे खिळे मारताना, कारण ते फळीच्या अगदी टोकाशी येतात. खिळ्याचं टोक पाचरीसारखं घुसतं आणि लाकडाचे रेषे दोन बाजूंना फाकवतं. म्हणून खिळा उलटा धरून त्याच्या टोकावर हातोडीची हलकी टिचकी मारायची. बोथट टोक रेषे चिरडत आत जातं. त्याआधी दीड मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं तर उत्तमच.

दुसरी अडचण फेविकॉलची. तो बुळबुळीत असल्यानं हातोडीचा घाव बसला की तुकडा सरकतो. यावर उपाय असा: डिंक लावण्याआधीच खिळे वरच्या फळीत ठोकून घ्या, पलीकडून टोक जेमतेम बोटाला लागेल इतके. मग डिंकाची बारीक रेघ ओढा, फळी जागेवर दाबा. टोकं खालच्या लाकडात रुततात आणि फळी हलत नाही. कापलेलं टोक डिंक पिऊन टाकतं. तिथे पातळ हात देऊन दोन मिनिटांनी पुन्हा लावायचा. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं लगेच पुसायचा.

क्रम असा: आधी एका बाजूवर पुढची फळी, मग तळ, मग मागची फळी. फळ्यांची खालची कड एका पातळीत.

[दृश्य: दुसरी बाजू उघडते, मिटते]

दुसऱ्या बाजूला डिंक अजिबात नाही. हे आपलं दार, जुनं घरटं काढायला. तिची वरची कड तीन मिलिमीटर कमी करा. मग तळापासून १८ सेंटिमीटरवर पुढून एक खिळा, मागून एक, दोन्ही अगदी समान उंचीवर. हीच बिजागरी. एक खिळा जरी खालीवर झाला तर दार अडकतं. तेव्हा जोर न लावता पक्कडीनं खिळा काढून पुन्हा मारायचा. खाली, पुढच्या फळीतून सैल भोकात एक खिळा नुसता सरकवून ठेवायचा. ती कडी.

शेवटी छप्पर. दोन खिळे पक्क्या बाजूवर, दोन मागच्या फळीतून. दारावर मात्र एकही नाही. पुढच्या फळीच्या वर तीनेक मिलिमीटरची फट राहील. ती हवेसाठी आहे, बुजवू नका. मागे छपराच्या सांध्यात राहिलेली फट मात्र भुसा आणि फेविकॉल कालवून भरा.

[दृश्य: गॅलरीच्या भिंतीवर घर]

डिंक रात्रभर वाळू द्या. आतून रंग नको. साधा पांढरा फेविकॉल पावसात मऊ पडतो, म्हणून घर छज्जाखाली किंवा गॅलरीत, आठ-नऊ फुटांवर, दुपारचं ऊन आणि छताचा पंखा टाळून. मागच्या फळीचा वर उरलेला भाग भिंतीवर दोन स्क्रूंनी आवळा. दोरीला टांगलेलं घर वाऱ्यानं झुलतं.