साम्याचा टक्का आणि आपलं वाक्य

(विद्यापीठ प्रवेशासाठी स्टेटमेंट लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

ब्रिटनमध्ये पदवीचे प्रवेशअर्ज यूकास ही संस्था एकत्रितपणे स्वीकारते. २००७ साली तिथे सुमारे ५०,००० अर्जांमधली स्टेटमेंट्स एकमेकांशी आणि इंटरनेटवरच्या नमुन्यांशी ताडून पाहण्यात आली. तेव्हा २३४ जणांनी एकच आठवण लिहिल्याचं दिसलं: आठव्या वाढदिवशी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोकं पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची ओढ लागली. हा मजकूर एका नमुना-स्टेटमेंटमधून आलेला होता.

या २३४ जणांपैकी बहुतेकांना विज्ञानाची खरोखरच आवड असेल, असं मला वाटतं. त्यांची अडचण वेगळी होती. आवड त्यांची होती, पण ती सांगणारं वाक्य दुसऱ्याचं होतं. आज मला याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

तपासणारं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं ते आधी पाहू. ते तुमचा मजकूर माणसासारखा वाचत नाही, त्याचे तुकडे पाडतं. एक वाक्य घ्या: ‘लहानपणी आजोबांच्या आजारपणात मी पहिल्यांदा मानवी शरीर समजून घेण्याचा ध्यास घेतला.’ यात अकरा शब्द आहेत. पहिले तीन शब्द हा एक तुकडा. मग एक शब्द पुढे सरकायचं: दुसरा, तिसरा आणि चौथा शब्द मिळून पुढचा तुकडा. असं करत गेलं की नऊ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचं गणिती सूत्राने एका आकड्यात रूपांतर होतं आणि हे आकडे साठवलेल्या मजकुरांच्या आकड्यांशी ताडले जातात. तुकडा किती शब्दांचा किंवा किती अक्षरांचा घ्यायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं, पण कल्पना हीच असते.

आता कुणी ‘ध्यास’ काढून ‘निश्चय’ घातला, तर काय होईल? तो शब्द असलेले दोनच तुकडे बदलतील, उरलेले सात जसेच्या तसे जुळतील. वाक्याच्या मधला ‘मानवी’ बदलला तर तीन तुकडे तुटतील आणि तरीही सहा जुळतील. एखाददुसरा शब्द बदलल्याने मजकूर ‘आपला’ होत नाही, त्याचं कारण या हिशेबात आहे.

लाखो मजकुरांचा प्रत्येक तुकडा साठवायचा तर साठा अवाढव्य होतो. यावर २००३ साली श्लाइमर, विल्करसन आणि एकेन या तिघांनी एक पद्धत मांडली. तिचं नाव विनोइंग, म्हणजे आपली उपणणी. ओळीने येणाऱ्या आकड्यांच्या प्रत्येक लहान गटातून एकच आकडा, सगळ्यात लहान, निवडून ठेवायचा. धान्य राहतं, फोल उडतं. तरीही ठरावीक लांबीचा सलग मजकूर जुळत असेल, तर तो हातून निसटत नाही, अशी या पद्धतीची हमी आहे. प्रोग्रॅमिंगच्या गृहपाठातली नक्कल शोधणारं स्टॅनफर्डचं मॉस हेच तत्त्व वापरतं.

म्हणजे रिपोर्टमध्ये येतो तो जुळलेल्या मजकुराचा वाटा. तो चोरीचा निकाल नव्हे. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण या टक्क्याला घाबरून मुलं चांगली वाक्यं खोडताना मी पाहिली आहेत. विषयाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, ‘या विषयात मला रस आहे’ अशी घडीव वाक्यं कुठे ना कुठे जुळणारच. समजा, ४,००० अक्षरांच्या स्टेटमेंटमध्ये १० टक्के साम्य निघालं, म्हणजे ४०० अक्षरं जुळली. ती वीस ठिकाणी विखुरलेली असतील तर तो भाषेचा स्वभाव आहे. तीच एका जागी सलग असतील, तर दुसऱ्याचा अख्खा परिच्छेद तुमच्या अर्जात आहे. आकडा दोन्हीकडे सारखाच. म्हणून रिपोर्ट हाती आला तर टक्का पाहून थांबू नका. रंगवलेली जागा उघडा, ती किती लांब आहे आणि कुठल्या मजकुराशी जुळते ते पाहा. जबाबदार विद्यापीठातही शेवटचा निर्णय असं वाचूनच माणूस घेतो.

यंत्राला आणखी एक गोष्ट कळत नाही: कुणी कुणाचं घेतलं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने आपलं तयार स्टेटमेंट मित्राला ‘फक्त अंदाज यावा’ म्हणून दिलं. मित्राने त्यातले दोन परिच्छेद ठेवले आणि अर्ज आधी पाठवला. साम्याची सूचना आली ती मूळ लिहिणाऱ्याच्या नावावर, कारण साठ्यात मित्राचा मजकूर आधी पोचला होता. तो सुटला, कारण त्याच्याकडे तारखांसह सहा ड्राफ्ट होते. पहिल्यात नुसते तुटक मुद्दे, तिसऱ्यात शिक्षकांचे शेरे, पाचव्यात खोडलेली सुरुवात. मजकूर कसा वाढत गेला हे त्यातून दिसत होतं. तेव्हा पूर्ण मजकूर कुणाला देऊ नका आणि एकाच फाइलवर सतत लिहीत जुनं पुसूनही टाकू नका.

आता लिहिण्याकडे येतो. नमुना समोर ठेवून त्यातले पुष्कळ शब्द बदलले तर तुकडे तुटतील आणि टक्का उतरेलही. पण प्रसंगांचा क्रम, वळणं आणि शेवट तोच राहतो. शेकडो अर्ज वाचलेल्या माणसाला तो सांगाडा ओळखू येतो, आणि मुलाखतीत ‘याबद्दल अजून सांगा’ म्हटलं की पुढे बोलायला काही नसतं.

मघाचं आजोबांचं वाक्य खरंच एका विद्यार्थिनीचं होतं. ते तिने कुठून उचललं नव्हतं, तरी ते कुणाचंही वाटत होतं. मी तिला विचारलं, ‘आजोबांच्या आजारपणात तू स्वतः काय करायचीस?’ ती म्हणाली, ‘सर, मी त्यांची साखर मोजून वहीत लिहायचे.’ मग म्हणाली, ‘एक कोडं होतं. रात्री झोपताना आकडा कमी असायचा, मध्ये काही खाल्लेलं नसायचं, तरी सकाळी तो वाढलेला असायचा.’ तिने ते डॉक्टरांना विचारलं होतं. पहाटे शरीरात काही संप्रेरकं वाढतात, त्यांच्यामुळे यकृत रक्तात साखर सोडतं आणि मधुमेहात ती पुरेशी आवरली जात नाही, हे तिला तिथे कळलं. पुढे तिने त्याबद्दल वाचलंही होतं. यातलं काहीच तिच्या स्टेटमेंटमध्ये नव्हतं!

आम्ही ध्यासाचं वाक्य काढलं. त्या जागी तिने लिहिलं: ‘आजोबांच्या वहीत मी रात्रीचा आणि सकाळचा आकडा शेजारी शेजारी लिहायचे. उपाशीपोटी साखर वाढते कशी, हा मला पडलेला पहिला वैद्यकीय प्रश्न.’ आजोबांचं आजारपण हजारो अर्जांत असतं, तो विषय टाळायची गरज तिला पडली नाही. वहीतले दोन रकाने आणि त्यांतून निघालेला प्रश्न मात्र तिचेच होते.

तिने हे लिहिलं तेव्हा नमुन्यांची फाइल बंद होती, हेही सांगतो. नमुने वाचायचे असतील तर लिहिण्याच्या काही दिवस आधी वाचा आणि मिटून ठेवा. आवडलेलं वाक्य ‘नंतर बदलू’ म्हणून आपल्या ड्राफ्टमध्ये चिकटवू नका. दोन आठवड्यांनी ते कुणाचं होतं हे तुम्हालाच आठवत नाही, आणि जाणूनबुजून न केलेल्या नकला बहुधा अशाच घडलेल्या मला दिसल्या आहेत. एखादं अवतरण हवंच असेल तर चिकटवतानाच अवतरणचिन्हं घाला आणि लेखकाचं नाव लिहा.

पाठवण्याआधी तिने आणखी एक काम केलं. प्रत्येक वाक्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं: हे कुठे घडलं, कधी, आणि कुणी विचारलं तर पुढे काय सांगेन. चार वाक्यांपुढे तिला काहीच लिहिता आलं नाही. ती चारही तिने त्याच संध्याकाळी काढून टाकली.