रक्कम तीच, बिलं दोन
(जळगावातल्या लहान व्यापाऱ्यांच्या हिशेबनिसांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, बऱ्हाणपूर म्हणजे फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी. रावेरच्या पुढे गेलं की आलंच. पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य, आणि आजची गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

आपल्या इथल्या एका पाइपवाल्याने बऱ्हाणपूरच्या दुकानदाराला 40,000 रुपयांचे पीव्हीसी पाइप पाठवले. बिल करणाऱ्या मुलाने रावेरच्या पार्टीचं जुनं बिल कॉपी केलं आणि नाव, पत्ता, जीएसटी नंबर बदलला. पुरवठ्याचं ठिकाण मात्र महाराष्ट्रच राहिलं. त्यामुळे सीजीएसटी 3,600 आणि एसजीएसटी 3,600 लागला. लागायला हवा होता आयजीएसटी, 7,200. बेरीज दोन्हीकडे 47,200 च येते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाने पैसेही पाठवून दिले.

चूक सापडली पुढच्या महिन्यात. 14 तारखेला दुकानदाराच्या अकाउंटंटने जीएसटीआर-2बी उघडलं, तर या बिलाचा कर 'मिळणार नाही' अशा खात्यात पडलेला. माल घेणारा मध्य प्रदेशातला आणि पुरवठा महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दाखवलेला, मग 7,200 रुपयांचं क्रेडिट त्याला मिळणार कुठून? त्याचा नंबर 23 ने सुरू होतो, आपला 27 ने. बिलावर हे दोन आकडे वेगळे आणि खाली सीजीएसटी दिसला, की हात थांबला पाहिजे.

विक्रीचं रिटर्न भरून झालं होतं, त्यामुळे जुनं बिल फाडून टाकण्याचा प्रश्नच नव्हता. पाइपवाल्याने बिल 412 वर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढली आणि 418 नंबरचं नवं बिल केलं. काही सीए याऐवजी रिटर्नमध्येच जुन्या बिलाची दुरुस्ती करायला सांगतात. ते तुमच्या सीएंना विचारूनच ठरवा. माझा विषय त्यानंतरचा आहे.

त्या मुलाने मेल टाकला: 'सुधारित बिल सोबत जोडले आहे, कृपया नोंद घ्यावी.' झालं! समोरच्याने काय समजायचं? तोच माल, तीच रक्कम, फक्त नंबर वेगळा. तासाभरात फोन आला: 'भाऊ, पैसे तर दिले ना मी? हे दुसरं कशाचं?' त्याचं काय चुकलं? हिशेबनीस बिलाकडे कराच्या बाजूने पाहतो. गिऱ्हाईक आधी खालचा आकडा पाहतं आणि खिशाला हात लावतं. म्हणून मेलही पैशापासून सुरू व्हायला हवा, चुकीचं कारण नंतर. नंतर जो मेल गेला, तो असा:

विषय: बिल 412 ऐवजी बिल 418 धरावे, पैसे पुन्हा भरायचे नाहीत

नमस्कार अण्णा,

आपल्याकडे 47,200 रुपयांची दोन बिलं आली आहेत. माल एकदाच पाठवला आहे आणि आपले पैसे आम्हाला मिळाले आहेत. आता काहीही भरायचं नाही.

बिल 412 मध्ये आमच्याकडून सीजीएसटी आणि एसजीएसटी लावला गेला. माल मध्य प्रदेशात आल्यामुळे आयजीएसटी लागायला हवा होता. म्हणून 412 ची पूर्ण रक्कम क्रेडिट नोटने उलटवली असून त्याच मालाचं बरोबर बिल 418 आहे. माल, दर आणि एकूण रक्कम बदललेली नाही. आपण दिलेले पैसे 418 समोर जमा धरले आहेत.

आपल्या अकाउंटंटनी 412 चं क्रेडिट घेऊ नये; 418 चे 7,200 रुपये पुढच्या 2बी मध्ये दिसतील. क्रेडिट नोट आणि बिल 418 सोबत आहे. आमचं बँक खातं तेच आहे. शंका वाटली तर नेहमीच्या नंबरवर फोन करा.

बँक खात्याचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. 'सुधारित बिल' म्हणून दुसऱ्याच खात्याचा नंबर पाठवून पैसे काढणारे भामटे आहेत, तेव्हा गिऱ्हाइकाने संशय घेतला तर तो शहाणाच. आणि 'नेहमीच्या नंबरवर' हे शब्द पाहा. मेलमध्ये नवा नंबर देऊन 'यावर खात्री करा' म्हणण्याला काही अर्थ नाही.

क्रेडिट नोट विसरू नका. नुसतं 418 पाठवलं, तर त्याच्या वहीत 94,400 ची खरेदी चढेल आणि तुमच्या 47,200 चं येणं त्याच्याकडे उभं राहील. वर्षअखेरीला खातं जुळवताना ते निघेल, तेव्हा कोणाला काही आठवणार नाही. फाइलच्या नावातही बिलाचा नंबर टाका. 'नवीन बिल', 'फायनल बिल' अशी नावं त्याच्या मोबाइलमध्ये शेजारी शेजारी पडली, की तो पुन्हा 412 च उघडणार.

आणखी एक. ई-इन्व्हॉइस लागू असेल आणि चूक 24 तासांच्या आत कळली, तर पोर्टलवर ते रद्द करता येतं. मग क्रेडिट नोट लागत नाही. पण तोच नंबर पुन्हा वापरता येत नाही, म्हणून तेव्हाही गिऱ्हाइकाच्या हातात दोन नंबरची दोन बिलं असतात. मेल तेव्हाही लागतोच, फक्त 'क्रेडिट नोटने उलटवली' ऐवजी 'रद्द केलं' असं लिहायचं.